तोच बाण, तीच चौकट, वेगळा अर्थ : माल आवक प्रक्रियेच्या दोन आवृत्त्यांची तुलना

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील, कास्टिंगवर मशीनिंग करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यातील हे प्रकरण आहे. बाहेरून येणारा कच्चा माल गेटवर पोहोचल्यापासून त्याचे बिल मंजूर होईपर्यंतची प्रक्रिया या कारखान्याने एका पानाच्या आकृतीत मांडलेली होती. आकृती आडव्या पट्ट्यांची होती. प्रत्येक पट्टा एका विभागाचा, पट्ट्यातील प्रत्येक चौकट म्हणजे त्या विभागाने करायचे एक काम, आणि चौकटींना जोडणारे बाण म्हणजे कामाचा क्रम, अशी ती परिचित रचना होती. तिसरी आवृत्ती काही वर्षे वापरात होती आणि नवी ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा आणि हिशेब एकत्र सांभाळणारी संगणक प्रणाली, बसवल्यावर चौथी आवृत्ती काढण्यात आली. चौथ्या आवृत्तीच्या तळाशी असलेल्या बदल-नोंदीच्या रकान्यात ‘ईआरपीनुसार किरकोळ बदल’ एवढेच लिहिलेले होते.

आयएसओ ९००१:२०१५ या मानकाच्या ७.५.३ या कलमात दस्तऐवजांतील बदलांवर नियंत्रण ठेवण्याची अपेक्षा आहे. लेखापरीक्षकाने त्यावर बोट ठेवून एकच प्रश्न विचारला होता, की किरकोळ म्हणजे नेमके काय बदलले. त्याचे उत्तर कोणालाच देता येईना, कारण आकृती ज्याने काढली तो अभियंता नोकरी सोडून गेला होता. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून पायऱ्या, क्रम आणि जबाबदारी या तीन बाबतींतील प्रत्येक बदलाची यादी करण्याचे काम त्यामुळे माझ्याकडे आले.

काम अर्ध्या दिवसाचे वाटले होते, आणि तसे वाटायला कारणही होते. दोन्ही आकृत्यांमध्ये निर्णय सोडून अकरा-अकरा चौकटी होत्या, पट्टे पाचच होते आणि बहुतेक चौकटींतील शब्दही जवळपास तेच होते. भिंतीवर दोन्ही प्रती लावून पाहणाऱ्या तिघांनी ‘एक चौकट वाढली, एक कमी झाली, बाकी तेच’ असा निष्कर्ष पाच मिनिटांत काढला होता. तो चुकीचा नव्हता, मात्र त्यातून जे सुटले होते ते सर्वांत महाग होते.

पहिली अडचण आकृतीच्या फायलींचीच निघाली. भिंतीवरची प्रत पीडीएफची छपाई होती आणि मूळ फाइल `draw.io` मध्ये काढलेली होती. छापील चित्राची चित्राशी तुलना केली तर डोळा जागेतील फरक आधी पकडतो, म्हणजे चौकट डावीकडे सरकली, पट्टा रुंद झाला, रंग बदलला, असे फरक. प्रक्रियेच्या दृष्टीने यांतील एकही फरक बदल नाही. उलट ज्या चौकटी जागच्या जागी आहेत त्या तशाच असणार असे डोळा धरून चालतो. म्हणून चित्र बाजूला ठेवून मूळ फायलीतून प्रत्येक आवृत्तीचा एक-एक तक्ता तयार केला. एका चौकटीला एक ओळ, आणि त्या ओळीत चौकटीतील मजकूर, ती कोणत्या पट्ट्यात आहे, तिच्याकडे कुठून बाण येतो, तिच्यातून बाण कुठे जातो आणि बाणावर काही अट लिहिली आहे का, एवढेच रकाने ठेवले.

या फायली आतून एक्सएमएल स्वरूपाच्या असतात, त्यामुळे असा तक्ता करणे अवघड नसते. चौकटीची ओळ आणि बाणाची ओळ साधारण अशी दिसते (ओळखचिन्हे वाचायला सोपी केली आहेत):

```xml
<mxCell id="n4" value="जीआरएन तयार करणे" vertex="1" parent="lane_store"/>
<mxCell id="e12" edge="1" source="n4" target="n10" parent="1"/>
```

पहिल्या ओळीतील `parent` वरून चौकट कोणत्या पट्ट्याची आहे ते कळते, तर दुसऱ्या ओळीतील `source` आणि `target` वरून बाण कुठून कुठे जातो ते कळते. दोन फायलींची सरळ ओळीगणिक तुलना करण्याचा मोह होतो, पण तो उपयोगाचा नाही. चौकट नुसती हलवली तरी तिचे स्थानांक बदलतात आणि प्रक्रिया तीच असूनही फाइल बदललेली दिसते. फाइल संकुचित करून साठवलेली असेल तर वाचण्यासारखेही काही हाती लागत नाही.

तक्ता करताना चौथ्या आवृत्तीत एक विचित्र गोष्ट सापडली. चित्रात तेरा बाण दिसत होते, पण दोन्ही टोके चौकटींना जोडलेली आहेत असे बाण बाराच होते. तेराव्या बाणाला `target` नव्हते. त्याचे टोक चौकटीच्या कडेपाशी आणून सोडलेले होते, त्यामुळे चित्रात तो चिकटलेला दिसे आणि फायलीच्या लेखी तो हवेत संपत असे. असा बाण काढणाऱ्याच्या मनात होता की जुन्या मसुद्यातून चुकून राहिला, हे फाइल सांगू शकत नाही. तक्त्यात तो ‘विचारायचे’ अशी खूण करून ठेवला. पुढे विचारल्यावर तो हेतूनेच काढलेला असल्याचे कळले. मात्र एखाद्या आकृतीचा तक्ता यंत्राकडून करून घेतला असेल तर दिसणारे बाण आणि जोडलेले बाण यांची संख्या एकदा हाताने पडताळून पाहावी, हे यातून पक्के झाले.

तिसऱ्या आवृत्तीतील प्रवाह असा होता. गेटवर सुरक्षा विभाग चलन आणि खरेदी आदेश, म्हणजे पीओ, पडताळून नोंद करी आणि मालाचे वजन घेई. स्टोअर्स माल उतरवून मोजणी करी आणि ‘तपासणी बाकी’ असे लेबल लावून तो वेगळा ठेवी. क्वालिटी विभाग नमुने काढून तपासणी करी आणि मग ‘मान्य?’ हा निर्णय होई. उत्तर ‘हो’ असेल तर स्टोअर्स जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची अधिकृत नोंद, तयार करी. तिथून एक वाट माल रॅकवर लावण्याकडे जाई आणि दुसरी वाट अकाउंट्सकडे, जिथे बिल, पीओ आणि जीआरएन यांची जुळवणी होऊन पेमेंटला मंजुरी मिळे. उत्तर ‘नाही’ असेल तर खरेदी विभाग नकार अहवाल तयार करून पुरवठादाराला लेखी कळवी आणि स्टोअर्स परतीचे चलन करून माल परत पाठवी.

चौथ्या आवृत्तीत गेट-नोंदीनंतरचे वजन स्टोअर्सच्या पट्ट्यात होते. उतरवणे, मोजणी आणि लेबल ही एकच चौकट झाली होती. तिच्यानंतर लगेच जीआरएन, त्यानंतर तपासणी, आणि मग ‘मान्य?’ हा निर्णय येत होता. ‘हो’च्या वाटेवर ‘साठा वापरासाठी मोकळा करणे’ ही क्वालिटी विभागाची नवी चौकट होती आणि तिच्यानंतर रॅक. ‘नाही’च्या वाटेवर क्वालिटीच्या पट्ट्यात नुसती ‘नकार अहवाल’ अशी चौकट होती आणि तिच्यापुढे ‘सवलतीने स्वीकारायचा?’, म्हणजे तपासणीत न बसलेला माल तरीही चालवून घ्यायचा का, असा नवा निर्णय होता. त्याचे उत्तर ‘हो’ आले तर माल मोकळा करायचा, नाहीतर परतीचे चलन. जीआरएनकडून बिल जुळवणीकडे आणि तिथून मंजुरीकडे जाणारे बाण पूर्वीसारखेच होते.

आता प्रश्न येतो तो जुन्या आवृत्तीतील कोणती चौकट नव्या आवृत्तीतील कोणत्या चौकटीला जुळवायची हा. तुलनेतील बहुतेक चुका इथेच होतात. फायलीतील ओळखचिन्हावर भिस्त ठेवता येत नाही, कारण चौकट कापून दुसरीकडे चिकटवली की तिला नवे चिन्ह मिळू शकते, आणि उलट एखाद्याने जुन्या चौकटीतील मजकूर पुसून तिथे वेगळेच काम लिहिले तर चिन्ह जुनेच राहते. चौकटीचा क्रमांकही उपयोगाचा नाही, कारण मध्ये एक चौकट विलीन झाली की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. मजकुरावरून जुळवावे, तर शब्द बदललेले असतात.

मी एक साधी कसोटी वापरली. ते काम संपल्यावर कोणता कागद किंवा कोणती नोंद अस्तित्वात येते, आणि ते काम सुरू करायला हातात काय लागते, हे दोन्ही आवृत्त्यांत सारखे असेल तर ती चौकट तीच समजायची. वजनातून वजनचिठ्ठी निघते, तपासणीतून तपासणी अहवाल निघतो, त्यामुळे तिथे अडले नाही. ‘नकार अहवाल तयार करून पुरवठादाराला लेखी कळवणे’ या जुन्या चौकटीपाशी मात्र थांबावे लागले. तिच्यातून दोन कागद निघत होते, एक कारखान्यातच राहणारा अहवाल आणि दुसरे पुरवठादाराकडे जाणारे पत्र. नव्या ‘नकार अहवाल’ चौकटीतून एकच कागद निघतो. मजकूर आटोपशीर केला असे वाटावे, अशा बेताने इथे अर्धे काम गळून पडले होते.

जीआरएनची चौकट याच कसोटीवर सरळ उत्तीर्ण झाली नाही, आणि तीच या प्रकरणाची गुरुकिल्ली ठरली. तिच्यातून निघणारा कागद दोन्हीकडे जीआरएनच होता, मजकूर अक्षरशः तोच होता, पट्टाही तोच होता. पण काम सुरू करायला लागणारी गोष्ट बदलली होती. पूर्वी जीआरएन करण्यासाठी क्वालिटीचा मान्य अहवाल हातात असावा लागे. आता मोजणीची नोंद पुरेशी होती. पूर्वीच्या जीआरएनचा अर्थ ‘माल आला, तपासला, स्वीकारला’ असा होता, तर नव्या जीआरएनचा अर्थ ‘माल आला’ एवढाच आहे. ईआरपी प्रणालींमध्ये आवक नोंद आधी करून माल तपासणीच्या खात्यात अडवून ठेवणे आणि नंतर तो मोकळा करणे ही सर्रास पद्धत आहे आणि तिच्यात स्वतःहून काही गैर नाही. गैर असलेच तर ते एवढेच, की कागदाचा अर्थ बदलला आणि नाव तेच राहिले.

चौकटी जुळल्यावर क्रमाची तुलना केली. क्रमाची तुलना क्रमांकांवरून न करता बाणांवरून करावी लागते, म्हणजे ‘अमुक चौकटीनंतर लगेच तमुक चौकट’ अशा जोड्या दोन्हीकडून काढून त्या एकमेकींशी पडताळायच्या. जुन्या आवृत्तीत अशा अकरा जोड्या होत्या आणि नव्या आवृत्तीत तो लोंबता बाण धरून तेरा. दोन्हीकडे समान निघाल्या सहा, जुन्या पाच नाहीशा झाल्या होत्या आणि नव्या सात आल्या होत्या. यादी करण्याचे काम इथेच संपले असे समजून बारा फरकांचा कागद लिहून दिला असता तर तो कागद खरा ठरला असता, तरीही फसवा ठरला असता. कारण सर्वांत गंभीर बदल त्या बारांत नव्हताच. तो न बदललेल्या सहा जोड्यांपैकी एकीत दडलेला होता.

ती जोडी म्हणजे ‘जीआरएननंतर बिल जुळवणी’. हा बाण दोन्ही आवृत्त्यांत आहे, त्याच दोन चौकटींमध्ये आहे, त्याच दिशेने आहे. परंतु जीआरएनची चौकट तपासणीच्या आधी सरकल्यामुळे या बाणावरून अकाउंट्सकडे जे पोहोचते ते वेगळे आहे. बाण जागचा हलला नाही, त्याच्या मागचा सगळा प्रवाह हलला.

म्हणून शेजारच्या जोड्यांपलीकडे जाणारी आणखी एक तुलना करावी लागते. प्रत्येक जुळलेल्या चौकटीबद्दल विचारायचे, की कोणत्याही वाटेने इथवर आलो तरी आधी काय-काय झालेच असणार. ‘झालेच असणार’ हे शब्द इथे मोलाचे आहेत, कारण एखादी गोष्ट एका वाटेवर होत असेल आणि दुसऱ्या वाटेवर होत नसेल तर ती या यादीत धरायची नाही. बिल जुळवणीसाठी जुन्या आवृत्तीत ही यादी अशी निघाली: गेट-नोंद, वजन, मोजणी, लेबल, तपासणी, मान्यतेचा ‘हो’ आणि जीआरएन. नव्या आवृत्तीत निघाली: गेट-नोंद, वजन, मोजणी-लेबल आणि जीआरएन. म्हणजे तपासणी आणि मान्यता या दोन्ही गोष्टी बिल जुळवणीच्या आधी होण्याची हमी आकृतीतून नाहीशी झाली होती. जुळवणीच्या पुढची पेमेंट मंजुरी आपोआप त्याच स्थितीत गेली. आकृती जशीच्या तशी पाळली तर नाकारलेल्या मालाचे बिलही मंजूर होऊ शकते, आणि ते करणाऱ्या व्यक्तीने प्रक्रियेचा भंग केला असे म्हणता येणार नाही.

हाच मागोवा बाकी चौकटींसाठीही घेतला. रॅकवर माल लावण्यापूर्वी तपासणी अजूनही नक्की होते, पण ती मान्यच झालेली असेल असे आता नाही, कारण सवलतीची वाट उघडली आहे. तो बदल हेतुपुरस्सर होता. परतीच्या चलनाच्या बाबतीत दोन गोष्टी निघाल्या. पुरवठादाराला लेखी कळवणे आता आधी होतेच असे नाही. शिवाय परत जाणाऱ्या मालाची जीआरएन आता झालेली असते, जी पूर्वी कधीच होत नसे, त्यामुळे ती नोंद उलटवण्याचे काम नव्याने निर्माण होते आणि त्याची चौकट आकृतीत कुठेही नाही.

जबाबदारीची तुलना वाटते तितकी सरळ नसते. चौकट कोणत्या पट्ट्यात आहे एवढेच पाहिले तर नव्या आवृत्तीत तीन बदल दिसत होते: वजन सुरक्षेकडून स्टोअर्सकडे, नकार अहवाल खरेदीकडून क्वालिटीकडे, आणि शेवटच्या दोन चौकटी अकाउंट्सकडून वित्त विभागाकडे. हे तिन्ही बदल वेगवेगळ्या जातीचे निघाले.

अकाउंट्स ते वित्त हा फक्त पट्ट्याच्या नावातला फरक होता. माणसे तीच, टेबल तेच, फक्त विभागाची पाटी नवी. तो यादीत नोंदवायचा, पण ‘नावात बदल’ म्हणून, जबाबदारीत बदल म्हणून नाही. वजनाच्या बाबतीत मी गेटवर जाऊन पाहिले. सुरक्षारक्षकच वजनचिठ्ठी लिहीत होते आणि स्टोअर्समधल्या कोणालाही वजन आपल्याकडे आल्याचे माहीत नव्हते. आकृतीत सुरक्षेचा पट्टा अरुंद करताना चौकट खालच्या पट्ट्यात घसरली असावी. `draw.io` मध्ये चौकट ओढून दुसऱ्या पट्ट्यावर सोडली की तिचा `parent` बदलतो, त्यामुळे काढणाऱ्याचा हात चुकला तरी फायलीत तो जबाबदारीचा बदल म्हणूनच नोंदला जातो. नकार अहवालाचा बदल मात्र खरा होता. ईआरपीमध्ये तो अहवाल तपासणीच्या पडद्यावरूनच निघतो, म्हणून तो क्वालिटीकडे गेला, आणि जाताना पत्राचे काम मागेच राहिले, कारण पत्र ईआरपीतून निघत नाही.

‘सवलतीने स्वीकारायचा?’ हा निर्णय तर दोन पट्ट्यांच्या सीमारेषेवर बसलेला होता. फायलीच्या लेखी तो क्वालिटीचा होता आणि चित्रात त्याचा मोठा भाग खरेदीच्या पट्ट्यात दिसत होता. दोन्ही विभागांना स्वतंत्रपणे विचारले तेव्हा क्वालिटीचे साहेब म्हणाले, ‘आम्ही फक्त शिफारस करतो, निर्णय खरेदीचा.’ खरेदीचे साहेब म्हणाले, ‘माल चालेल की नाही हे आम्ही कसं सांगणार, तो निर्णय क्वालिटीचाच.’ अशा चौकटीपुढे ‘संयुक्त जबाबदारी’ असे लिहून मोकळे होण्याची पद्धत आहे. माझ्या मते ती पळवाट आहे. यादीत मी ‘जबाबदारी ठरलेली नाही’ असेच लिहिले.

याच टप्प्यावर एक रिकामी जागा लक्षात आली. ती सीमारेषेवरची चौकट सोडली तर नव्या आवृत्तीत खरेदीच्या पट्ट्यात एकही चौकट उरली नव्हती. जुन्या आवृत्तीत तिथे एकच होती, तीच ती लेखी कळवण्याची. रिकामा पट्टा हा काहीतरी गळाल्याचा चांगला सुगावा असतो. विभागाला खरोखरच काम उरले नसते तर पट्टाच काढला गेला असता.

त्या गळलेल्या पत्राचे महत्त्व कायद्यात आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार, सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराच्या मालाबद्दल खरेदीदाराने माल मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली नाही, तर माल ज्या दिवशी मिळाला तोच स्वीकृतीचा दिवस मानला जातो. लेखी कराराने ठरवलेली पैसे देण्याची मुदतही स्वीकृतीपासून ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. या कारखान्याचे बरेच कास्टिंग पुरवठादार याच वर्गात मोडणारे होते. तपासणीत माल नाकारला, अहवाल ईआरपीत पडून राहिला आणि पत्र गेलेच नाही, तर कारखान्याच्या दप्तरी नाकारलेला माल कायद्याच्या नजरेत स्वीकारलेला ठरू शकतो. चौकटीतील तीन शब्द कमी झाल्याने एवढा फरक पडतो.

सगळे फरक तपासून तयार झालेली यादी खाली दिली आहे. क्रमांक आणि जागा यांतील बदल तिच्यात घेतलेले नाहीत.

| बदलाचा प्रकार | तिसरी आवृत्ती | चौथी आवृत्ती | चौकशीत काय निघाले |
|---|---|---|---|
| क्रम | जीआरएन मान्यतेनंतर | जीआरएन तपासणीपूर्वी | हेतुपुरस्सर |
| क्रम (अप्रत्यक्ष) | बिल जुळवणीपूर्वी मान्यता नक्की | मान्यतेची हमी नाही | कोणाच्या लक्षात आलेले नव्हते |
| नवी पायरी | नव्हती | साठा मोकळा करणे, क्वालिटी | हेतुपुरस्सर |
| नवा निर्णय | नव्हता | सवलतीने स्वीकार | हेतुपुरस्सर, जबाबदारी ठरलेली नाही |
| पायरी अंशतः वगळली | पुरवठादाराला लेखी कळवणे, खरेदी | नाही | नकळत गळली |
| जबाबदारी | नकार अहवाल, खरेदी | नकार अहवाल, क्वालिटी | हेतुपुरस्सर |
| जबाबदारी | वजन, सुरक्षा | वजन, स्टोअर्स | रेखाटनातील चूक |
| विलीनीकरण | मोजणी आणि लेबल वेगवेगळे | एकच चौकट | हेतुपुरस्सर |
| नाव | अकाउंट्स | वित्त | फक्त नाव |

शेवटचा रकाना दोन फायलींच्या तुलनेतून भरता येत नाही. तो भरण्यासाठी त्या-त्या ठिकाणी काम करणाऱ्या माणसांशी बोलावे लागते, आणि एकूण वेळेपैकी बराच वेळ त्यातच गेला. तुलनेच्या यादीत आणि चौकशीच्या निष्कर्षात सरमिसळ होऊ नये म्हणून पहिले तीन रकाने आधी पूर्ण करून गोठवले आणि मगच विचारपूस सुरू केली. नाहीतर ‘हे तर आम्ही करतोच’ असे कोणी म्हटले की तो फरक यादीतून हळूच गळतो.

बिल जुळवणीच्या फरकाबद्दल नेमके तसेच झाले असते. बिले पाहणाऱ्या ताई म्हणाल्या, ‘बिलावर क्वालिटीचा शिक्का नसेल तर मी ते पुढे पाठवतच नाही.’ पेमेंट अडवणारा टप्पा प्रत्यक्षात होता, पण तो आकृतीत नव्हता आणि ईआरपीतही नव्हता. तो त्यांच्या सवयीत होता, कारण जुन्या पद्धतीत जीआरएनवर तो शिक्का असे. त्या रजेवर असताना काय होते, असे विचारल्यावर त्यांनी मागच्या महिन्यांतील एक बिल स्वतःच काढून दाखवले. कास्टिंगची ती खेप नाकारली गेली होती आणि बिल मंजूर झाले होते. पैसे पुढच्या व्यवहारातून वळते करून घेतल्यामुळे कोणी तक्रार केली नव्हती, इतकेच.

पाचव्या आवृत्तीसाठी दोन पर्याय होते. एक, बिल जुळवणीचा बाण जीआरएनऐवजी ‘साठा मोकळा करणे’ या चौकटीतून काढायचा. दुसरा, जुळवणी जीआरएननंतर लगेच होऊ द्यायची आणि मंजुरीपूर्वी दोन्ही वाटा एकत्र येण्याचे ठिकाण ठेवायचे, म्हणजे जुळवणी झाली आणि साठाही मोकळा झाला, तरच मंजुरी. वित्त विभागाला दुसरा पर्याय हवा होता. दर किंवा करातील चुका त्यामुळे तपासणी चालू असतानाच सापडतात आणि ४५ दिवसांतले दिवस वाया जात नाहीत. तोच स्वीकारला गेला. मात्र एकत्र येण्याचे ठिकाण आकृतीत वेगळ्या चिन्हाने स्पष्ट दाखवावे लागते. एकाच चौकटीत दोन बाण नुसते शिरताना दिसले तर ‘दोन्ही आल्यावर’ की ‘कोणताही एक आल्यावर’ हे वाचणाऱ्याच्या मर्जीवर राहते.

पुरवठादाराला लेखी कळवण्याची चौकट खरेदीच्या पट्ट्यात परत आली, या वेळी नकार अहवालापासून वेगळी आणि सवलतीच्या निर्णयाच्या आधी. सवलतीची चर्चा दोन आठवडे लांबली तर १५ दिवस त्यातच सरतात, म्हणून हरकत आधी नोंदवायची आणि माल पुढे स्वीकारलाच तर तसे कळवायचे, असे ठरले. सवलतीचा निर्णय क्वालिटीच्या पट्ट्यात पूर्ण आत आणला आणि खरेदीचे मत त्याच्या आधीची स्वतंत्र चौकट झाली. परत जाणाऱ्या मालाची जीआरएन उलटवणे स्टोअर्सकडे आले आणि डेबिट नोट वित्त विभागाकडे. खेपेतील काही नग मान्य आणि काही नाकारलेले, अशा प्रसंगी काय करायचे हे या आकृतीत मावत नाही, कारण ती पूर्ण खेपेचा प्रवास दाखवते, नगांची संख्या दाखवत नाही. त्यासाठी वेगळी कार्यसूचना लिहिली आणि मंजुरीच्या चौकटीत तिचा क्रमांक दिला.

जीआरएनच्या चौकटीतील मजकूर बदलून ‘आवक नोंद (जीआरएन), स्वीकृती नव्हे’ असा केला. वजनाची चौकट सुरक्षेच्या पट्ट्यात परत गेली. बदल-नोंदीच्या रकान्यात मावेना म्हणून वरचा तक्ता आकृतीच्या मागच्या पानावर छापला, आणि लेखापरीक्षकाला तेच पान दाखवले.